उशिराच्या मिनिटांवरून मोजलेलं अंतर

‘एक मोटार रोज ताशी 48 किलोमीटर वेगाने जाते. आज ती ताशी 36 किलोमीटरने गेली आणि 15 मिनिटे उशिरा पोहोचली. तर अंतर किती?’ स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात असं गणित हमखास भेटतं. त्यात एकूण वेळ कुठेच दिलेली नसते, दिलेला असतो तो नुसता उशीर.

क्ष मानून समीकरण मांडता येतंच. पण त्याआधी दोन वेगांचं गुणोत्तर बघावं. 48 चे 36 झाले, म्हणजे वेग पाऊणपट झाला. अंतर तेच असल्याने वेळ उलट्या प्रमाणात वाढते: 3/4 चं उलट 4/3. नेहमीच्या वेळेवर जादा लागला तो एक तृतीयांश, आणि हा जादा भाग म्हणजेच ती 15 मिनिटं. मग नेहमीची वेळ त्याच्या तिप्पट, 45 मिनिटं. ताशी 48 च्या वेगाने पाऊण तासात 36 किलोमीटर होतात. झालं गणित.

घसरगुंडी असते ती आणखी एका जागी. वेग पाव हिश्श्याने घटला, तर वेळही पाव हिश्श्यानेच वाढेल, असं मनाला सहज पटतं. त्या हिशेबाने नेहमीची वेळ 60 मिनिटं आणि अंतर 48 किलोमीटर येतं. पण ताळा करून बघा: 48 किलोमीटर ताशी 36 ने कापायला 80 मिनिटं लागतात. उशीर झाला 20 मिनिटांचा. गणितात तर 15 दिलाय.

खऱ्या रस्त्यावर प्रकरण जरा वेगळं होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे 94.5 किलोमीटरचा. समजा, एरवी ताशी 100 ने जाणारी गाडी एके दिवशी 80 ने गेली आणि 12 मिनिटे उशिरा पोहोचली. वेग 4/5, म्हणून वेळ 5/4. जादा पाव भाग म्हणजे 12 मिनिटं, मूळ वेळ 48 मिनिटं आणि अंतर 80 किलोमीटर. मग उरलेला रस्ता गेला कुठे?

तो बहुधा घाटात आहे. तिथे गाडी दोन्ही दिवशी सारख्याच संथ गतीने चढली, त्यामुळे त्या टप्प्याने उशिरात काहीच भर घातली नाही. ही रीत सगळा प्रवास मोजत नाही. वेग खरोखर बदलला तेवढाच टप्पा मोजते.

थांब्यांचंही तसंच. टोलनाक्यावर रोजच्याइतकाच वेळ गेला, तर तो हिशेबात येत नाही. पण त्या 12 पैकी 3 मिनिटं टोलच्या जादा रांगेत गेली असतील, तर ती आधी वजा करावी लागतात. उरलेल्या 9 मिनिटांवरून नेहमीची वेळ 36 मिनिटं आणि टप्पा 60 किलोमीटर निघतो. रांगेतल्या तीनच मिनिटांनी उत्तर 20 किलोमीटरने फिरतं.