झोप, झोपा आणि सूचनाफलक : दुसऱ्याच्या लिहिण्यातली चूक कशी सांगावी

समजा, तुमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एक कागद लागला आहे. सचिव असलेल्या वहिनींनी तो स्वतःच्या हाताने लिहिला आहे. वहिनींचे वय सत्तरीच्या पुढचे. मजकूर असा :

‘पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या दुरूस्तीचे काम करायचे आहे. प्रत्येक सभासदाने आपली वर्गणी रविवारपर्यंत जमा करावी. बैल गेला आणि झोप आली, असे होऊ नये. – व्यवस्थापन समिति’

वाचताना तीन ठिकाणी डोळा अडखळतो : ‘दुरूस्ती’, ‘झोप आली’ आणि ‘समिति’. पेन खिशात असेल तर हात तिकडे जातोही. तो तिथेच थांबवावा, कारण ही तिन्ही ठिकाणे एका जातीची नाहीत. एक चूक अर्थ बिघडवते, एक चूक कोणाचेच काही बिघडवत नाही आणि तिसरी मुळात चूकच नाही. चूक सौजन्याने सांगण्याची सुरुवात गोड शब्दांपासून होत नाही. आधी हा फरक ओळखावा लागतो.

शेवटून सुरुवात करू. ‘समिति’ हे लेखन आज आपल्याला खटकते, कारण आपण ‘समिती’ लिहायला शिकलो. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले कवि, बुद्धि, समिति यांसारखे शब्द मराठीत शेवटी दीर्घ लिहावेत, हा त्यांतलाच एक नियम. त्याआधी ज्यांनी शाळेत लिहायला सुरुवात केली, त्यांच्या पुस्तकांत आणि फळ्यावर ‘समिति’ हेच बरोबर होते. वहिनींनी गुरुजींचे ऐकले आणि आयुष्यभर तसेच लिहिले. इथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. शाळेतल्या काळानुसार जसे लेखन बदलते, तसे गावानुसार बोलणे बदलते. कोणी बोलीत लिहिले असेल, ‘पानी’ किंवा ‘व्हय’ असे लिहिले असेल, तर तेही चुकांच्या यादीत घेऊ नये. त्या माणसाने आपल्या घरची भाषा लिहिली आहे.

‘दुरूस्ती’चे तसे नाही. शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार बहुधा ऱ्हस्व असतो, जसे गरिबी, पाहुणा, महिना, म्हणून ‘दुरुस्ती’. ही चूक खरी आहे, पण ती का होते तेही पाहावे. इतर अक्षरांना उकार खाली लागतो, ‘र’ला तो बाजूला लागतो, आणि ‘रु’ व ‘रू’ यांच्या आकारांत फरक इतका थोडा आहे की हाताने लिहिताना तो सहज पुसला जातो. अर्थ समजायला त्याने काही अडत नाही. गच्ची दुरुस्त व्हायची आहे हे सगळ्यांना कळले. चार दिवसांनी उतरणाऱ्या कागदावरची ही चूक सोडून द्यावी. तोच शब्द कोनशिलेवर किंवा छापील अहवालाच्या मुखपृष्ठावर जाणार असेल, तर मात्र तो छापण्याआधी सांगावा. चूक किती काळ टिकणार आहे आणि अजून बदलता येईल का, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा उत्तर मिळते.

उरली म्हण. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही तिची रूढ घडण. झोपा म्हणजे गोठ्याचे किंवा कुंपणाचे साधे दार. बैल निघून गेल्यावर मालकाने दार बसवले. वेळ गेल्यावर केलेला उपाय, हा तिचा अर्थ. गच्ची गळायला लागल्यावर वर्गणी गोळा करणाऱ्यांना ती नेमकी लागू पडते. ‘झोप आली’ म्हटले की दार नाहीसे होते आणि बैल गेल्यावर कोणाला झोप का यावी, ते कळत नाही. म्हण तिच्या कामाचीच राहत नाही. सांगायची असेल तर ही एकच गोष्ट सांगावी.

मात्र सांगण्याआधी आपली बाजू तपासावी. म्हणी तोंडातोंडी फिरतात, त्यांची रूपे अनेक असतात. कोणी ‘अडला हरी’ म्हणते, कोणी ‘अडला नारायण’; गाढवाचे पाय दोघेही धरतात आणि दोन्ही रूपे बरोबर आहेत. आपण लहानपणी ऐकलेले तेवढेच खरे, असे धरून चालल्यास फजिती होते. ‘झोपा’ ऐकून ‘खोपा असेल’ म्हणणारेही भेटतात, म्हणजे दुरुस्ती करणाराच नवी चूक पेरून जातो. पाठभेद की चूक, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे : बदललेल्या शब्दाने म्हणीतले चित्र उभे राहते का? हरीच्या जागी नारायण आला तरी चित्र तेच राहते. झोप्याच्या जागी झोप आली की चित्र मोडते.

कसोटीनंतर कोश उघडावा. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले. पुढे त्याच जोडीने म्हणी आणि वाक्प्रचारांसाठी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश केला. मोल्सवर्थचा १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. जुन्या लेखनात अनेक शब्दांवर अनुस्वार असत, म्हणून ‘झोपा’ सापडला नाही तर ‘झोंपा’ही शोधावा. या शोधाला पाच मिनिटे लागतात. त्यातून खात्री मिळते आणि चूक का झाली असेल तेही कळते. झोपा हा शब्द गोठ्यांबरोबर रोजच्या बोलण्यातून गेला. न कळणारा शब्द कानावर पडला की मन त्याच्या जागी जवळचा, ओळखीचा शब्द बसवते. हे एकदा उमगले की ‘वहिनींना साधी म्हणही येत नाही’ हा विचार मनात टिकत नाही. तो मनात असेल तर शब्द कितीही गोड घेतले तरी आवाजात येतो, म्हणून हे आधी उमगलेले बरे.

आता प्रत्यक्ष सांगणे. फलकावर लाल शाईने खूण करू नये, सर्वसाधारण सभेत विषय काढू नये, लिफ्टमध्ये चारजण असताना बोलू नये. वहिनी एकट्या असताना सांगावे किंवा फक्त त्यांना चिठ्ठी द्यावी. पहिला मसुदा बहुधा असा सुचतो :

‘वहिनी, तुम्ही म्हण चुकीची लिहिली आहे. खरं तर ती झोपा केला अशी आहे. दुरूस्ती पण अशुद्ध आहे.’

यातली माहिती बरोबर आहे, तरी वाचणाऱ्याला ती टोचते. त्याची कारणे वाक्यातच आहेत. ‘तुम्ही चुकीची लिहिली’ या रचनेत कर्ता पुढे येतो आणि चूक त्याच्या अंगाला चिकटते. मराठीत कर्त्याला बाजूला ठेवणारी क्रियापदे भरपूर आहेत : ‘राहिलंय’, ‘निसटलंय’, ‘झालंय’. ‘झोपाचं झोप झालंय’ असे म्हटले की चूक शब्दाची होते, माणसाची राहत नाही. ‘खरं तर’ने सुरुवात केली की समोरचा इतका वेळ खोटे बोलत होता असे वाटते. ‘अशुद्ध’ या शब्दाला तर विटाळाचा वास आहे. अनेक भाषाभ्यासक शुद्धलेखनाऐवजी प्रमाणलेखन म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे. आणि एकाच चिठ्ठीत दोन चुका आल्या की ती चिठ्ठी राहत नाही, तपासलेली उत्तरपत्रिका होते.

दुसरा मसुदा पाहा :

‘वहिनी, सूचना वाचली. गच्चीचं काम यंदा पावसाआधी होतंय, फार बरं झालं. आमची वर्गणी उद्या देतो. कागद पुन्हा लिहिणार असाल तर एक सुचवू का? म्हणीत झोप आलीच्या जागी झोपा केला हवं. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. बैल गेल्यावर दार बसवलं, असा अर्थ. शब्द आता वापरात नाही, म्हणून बरेचजण झोपच म्हणतात. मी कोशात पाहून घेतलं.’

इथे सूचनेच्या मुख्य कामाला आधी उत्तर मिळाले. वर्गणी देऊन टाकणाऱ्या माणसाने म्हणीबद्दल बोललेले वेगळे लागते. दुरुस्ती एकाच वाक्यात आणि सरळ आली आहे. ‘असं असतं का हो?’ असा भोळा प्रश्न विचारायचा मोह टाळावा, कारण उत्तर माहीत असून विचारलेला प्रश्न परीक्षा घेतल्यासारखा लागतो. दाराचे चित्र सांगितल्यामुळे वहिनींना चुकीबरोबर म्हणीचा अर्थही मिळाला, पुढच्या वेळी ती स्वतःहून आठवेल असा. कोशाचा उल्लेख मात्र खरोखर पाहिले असेल तरच करावा.

यानंतर थांबावे. ‘घाईत लिहिलं हो’ असे उत्तर आले तर वहिनींना थोडे लागले आहे असे समजावे. ‘होतं घाईत’ एवढे म्हणून गच्चीच्या कामाबद्दल बोलावे. ‘आमच्याकडे असंच म्हणतात’ असे त्या म्हणाल्या, तर दुसऱ्यांदा पटवू नये. कागद बदलला की नाही हे पाहायला फलकापाशी रेंगाळूही नये. सांगणे चुकले याची खरी खूण नंतर दिसते : पुढच्या सूचनेत म्हण नसते, मजकूर दोन कोरड्या ओळींचा असतो किंवा लिहिण्याचे काम त्यांनी दुसऱ्याकडे दिलेले असते. एका बरोबर म्हणीसाठी लिहिणारा माणूस गमावला, तर तो सौदा तोट्याचा.

काही वेळा हे सगळे बाजूला ठेवावे लागते. रविवारची तारीख, वर्गणीची रक्कम किंवा बँकेचा खाते क्रमांक चुकला असेल तर लगेच आणि सर्वांना कळेल असे सांगावे, कारण लोक त्यावर विसंबून पैसे भरतील. सत्काराच्या फलकावर सत्कारमूर्तीचे नाव चुकले असेल तर तेही कार्यक्रमाआधी सांगावेच. उलट, दुःखाच्या निरोपात ‘श्रद्धांजली’चे ‘श्रध्दांजली’ झाले असेल तर एक अक्षरही बोलू नये.

म्हणून पुढच्या वेळी कोणाच्या लिहिण्यात काही खटकले, तर पेन काढण्याआधी कोश काढा. चूक खरी निघाली आणि तिने अर्थ बिघडत असेल, तर तेवढी एकच, त्या माणसाला एकट्याला, कारणासह सांगा. बाकीच्या सोडून द्या.