कान देवमाशाचा, पाय जमिनीवरचे

जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोट परिसरात भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी एकेकाळी पुष्कळ जीवाश्म गोळा केले होते. त्यांतल्या एका लहानशा प्राण्याला १९७१ साली त्यांनी ‘इंडोहायस’ असं नाव दिलं. हाताशी होते थोडे दात आणि जबड्याचे तुकडे. बरेचसे दगड फोडायचे राहूनच गेले. राव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते सांभाळले आणि पुढे हान्स थेविसेन या अमेरिकेत काम करणाऱ्या शरीररचनातज्ज्ञाच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत दगडातून कवटी मोकळी करताना कानाचं एक हाड चुकून तुटलं. तुटलं म्हणूनच त्याची आतली बाजू दिसली, आणि ती पाहून थेविसेन चक्रावले. मांजराएवढ्या, चार पायांच्या, खुरं असलेल्या या प्राण्याचा कान देवमाशाचा होता.

देवमाशाचा कान म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. सस्तन प्राण्यांच्या मधल्या कानाखाली हाडाची एक पोकळ वाटी असते. तुमच्या-आमच्या कुत्र्यामांजरांत तिची भिंत सगळीकडे पातळ असते. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात मात्र तिची आतली कड जाड, भरीव आणि दाट असते. एखादा प्राणी कसा दिसत होता, कुठे राहत होता, याने काही फरक पडत नाही. ही जाड कड दिसली की तो देवमाशांच्या गोतावळ्यातला, असं जीवाश्मतज्ज्ञ मानत आले.

याच खुणेवरून १९८१ मध्ये फिलिप गिंगरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात सापडलेल्या एका कवटीला ‘पाकिसेटस’ म्हणून देवमाशांत बसवलं होतं. वय सुमारे पाच कोटी वर्षं. हाती फक्त डोक्याचा भाग, त्यामुळे सुरुवातीच्या चित्रांत पाकिसेटस पाण्यात सूर मारून मासे पकडताना दिसायचा. वीस वर्षांनी बाकीचा सांगाडा मिळाला आणि चित्र बदलावं लागलं. निघाले लांब, सडपातळ पाय, चालणाऱ्या प्राण्याचे. डोक्यावरून धडाचा अंदाज बांधण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसला असेल.

पण देवमासे जमिनीवरच्या नेमक्या कुणाचे वंशज? दातांच्या साम्यावरून बरीच वर्षं बोट दाखवलं जाई ते मेसोनिकिड या नामशेष झालेल्या, खुरं असलेल्या मांसाहारी प्राण्यांकडे. दरम्यान डीएनएचा अभ्यास करणारे वेगळंच सांगत होते: आज जिवंत असलेल्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा भाऊबंद पाणघोडा. जीवाश्मवाल्यांना ते पटेना. निकाल लावला घोट्याच्या हाडाने. गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा या समखुरी प्राण्यांच्या घोट्यातल्या एका हाडाला वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. दुसऱ्या कुठल्याही गटात ती तशी नसते. २००१ च्या सप्टेंबरमध्ये दोन गटांचे शोधनिबंध एकाच आठवड्यात आले. एक थेविसेन यांचा, पाकिसेटसवरचा. दुसरा गिंगरिच यांचा, बलुचिस्तानात मिळालेल्या जरा नंतरच्या देवमाशांवरचा. दोन्हींत घोट्याला दोन कप्प्या होत्या. गिंगरिच स्वतः मेसोनिकिडांच्या बाजूचे. हातातलं हाड पाहून त्यांनी मत बदललं.

आता इंडोहायस या कुळात कुठे बसतो ते पाहू. तो देवमासा नव्हे आणि त्याचा थेट पूर्वजही नव्हे. ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा इंडोहायस पाकिसेटसहून थोडा नंतरचाच आहे, तेव्हा त्याला चुलतभाऊ म्हणणं बरोबर. पण घराण्याची मूळ राहणी कशी होती, हे या चुलतभावाकडून कळतं. २००७ मध्ये थेविसेन, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पायांची हाडं आडवी कापून पाहिली. भिंती नेहमीपेक्षा जाड, आतली पोकळी लहान. अशी जड हाडं पाणघोड्यासारख्या प्राण्यांना पाण्याच्या तळाशी पाय रोवून चालायला उपयोगी पडतात. दातांच्या एनॅमलमधल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाणही पाण्यात बराच वेळ घालवणाऱ्या प्राण्याचं निघालं. कार्बनने मात्र सांगितलं की खाणं बहुधा जमिनीवरच्या वनस्पतींचं असावं.

मग पाण्यात कशाला जायचं? थेविसेन यांनी आफ्रिकेतल्या पाणपिसोरीचं उदाहरण दिलं. आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीची ही लांबची बहीण पानं-फळं खाते, पण शिकारी पक्षी झडप घालायला आला की ओढ्यात उडी मारून पाण्याखाली दडते. देवमाशांचं घराणं पाण्यात उतरलं ते आधी जीव वाचवायला, पोट भरायला नंतर. हा अंदाज आहे, पण हाडं आणि दात यांच्याशी जुळणारा.

पुढचा टप्पा ‘ॲम्ब्युलोसेटस’. थेविसेन यांना पाकिस्तानातल्या काला चित्ता डोंगरात तो १९९२ मध्ये मिळाला. सुमारे तीन मीटर लांब, मोठाले मागचे पंजे, लांबट तोंड, मगरीसारखा दबा धरणारा. जीवाश्म किनाऱ्यालगतच्या सागरी गाळातले, पण दातांतला ऑक्सिजन गोड्या पाण्याचा. म्हणजे वावर समुद्राकाठी, आणि तहान लागली की नदीमुखाकडे. ज्याला खारं पाणी पचवता येत नाही, तो किनाऱ्यापासून फार लांब जाऊ शकत नाही.

खुल्या समुद्राची दुसरी अडचण ऐकण्याची. हवेतला आवाज आपल्याला कानाच्या पडद्यातून ऐकू येतो. पाण्यात तो अख्ख्या कवटीलाच थरथरवतो, दोन्ही कान एकदम वाजतात आणि आवाज कुठून आला तेच कळत नाही. आजच्या दातवाल्या देवमाशांनी यावर काढलेला तोडगा खालच्या जबड्यात आहे. जबड्याच्या मागच्या बाजूला मोठं भोक असतं, त्यात चरबीची गादी बसते, आणि आवाज जबड्यातून त्या चरबीवाटे थेट कानाच्या हाडापर्यंत पोचतो. हे भोक जीवाश्मांत मोजता येतं. पाकिसेटसमध्ये ते जमिनीवरच्या कुठल्याही प्राण्याइतकं लहान आहे. ॲम्ब्युलोसेटसमध्ये वाढलेलं. आणि कच्छमध्ये सापडणाऱ्या रेमिंग्टनोसेटसमध्ये खूपच मोठं, सोबत चरबीच्या गादीच्या खुणा. कच्छच्या या देवमाशांवर अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७० च्या दशकातच लिहिलं होतं. हारूदी गावाच्या आसपासचे ते पिवळट खडक तेव्हा उथळ समुद्राचा तळ होते. रेमिंग्टनोसेटसला पाय होतेच, पण कानाने तो निम्म्याहून अधिक समुद्राचा झाला होता. जमिनीवर त्याला धड ऐकू येत नसावं.

पाय गेले ते सगळ्यात शेवटी. इजिप्तच्या फायूम भागातल्या वादी अल-हितान या वाळवंटी खोऱ्यात बॅसिलोसॉरसचे सांगाडे वाळूत पसरलेले आहेत. वय चार कोटी वर्षांहून थोडं कमी, लांबी पंधरा मीटरच्या पुढे. १८३४ मध्ये रिचर्ड हार्लन यांनी अमेरिकेतल्या हाडांवरून या प्राण्याला सरडा समजून नाव दिलं, आणि नियमाप्रमाणे ते ‘सरड्यांचा राजा’ असंच राहिलं. १९८९ मध्ये गिंगरिच यांच्या चमूला तिथे त्याचे मागचे पाय मिळाले: गुडघा, घोटा, बोटं सगळं जागेवर, पण लांबी जेमतेम माणसाच्या हाताएवढी. कमरेचं हाड मणक्यांपासून सुटलेलं, म्हणजे शरीराचा भार पेलण्याचा प्रश्नच नव्हता. बहुधा समागमाच्या वेळी एकमेकांना धरायला ते उपयोगी पडत असावेत, असं गिंगरिच यांचं म्हणणं. आजच्या देवमाशांत पाय उरलेले नाहीत, पण कमरेच्या हाडाचे दोन तुकडे अजून मांसात असतात, आणि जननेंद्रियांचे स्नायू त्यांनाच जोडलेले असतात.