शेठ, एस्टिमेट मला करू द्या

‘शेठ, मला गॅरेज चालवायला शिकवा’ एवढंच लिहिलेलं पत्र बहुधा ड्रॉवरमध्येच पडून राहतं. मालकाला त्यात एकच दिसतं: हा उद्या समोरच्या गाळ्यात बोर्ड लावणार. भीती अगदीच खोटी नाही. कित्येक मालक स्वतः असेच कुणाच्या तरी हाताखालून बाहेर पडलेले असतात.

त्यामुळे आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून पुढं चार-पाच वर्षं गाडीखाली काढलेल्या पोरानं पत्रात एक नेमकं काम मागावं. ते काम म्हणजे जॉबकार्ड आणि एस्टिमेट.

समजा, एक छोटी कार आली. ग्राहक म्हणतो, पिकअप गेलाय. मेकॅनिक हँडब्रेक ओढतो, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडतो. इंजिन बंद पडायला हवं, पण ते गुरगुरतच राहतं. म्हणजे क्लच सरकतोय. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून साडेसहा हजार सांगितले जातात. गिअरबॉक्स उतरवल्यावर दिसतं, की क्रँकचं मागचं ऑइल सील गळतंय आणि फ्लायव्हीलवर चरे पडलेत.

खरी परीक्षा इथं आहे. सील तसंच ठेवलं तर नव्या प्लेटवर तेल उतरतं आणि काही दिवसांत गाडी परत येते. मग गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा, अर्ध्या दिवसाची मजुरी फुकट आणि प्लेटही पदरची. सील बदललं, पण आधी विचारलं नाही, तर बिलावरून भांडण. फ्लायव्हील लेथवर पाठवलं तर गाडी रॅम्प अडवून बसते आणि मागच्या दोन गाड्या खोळंबतात. म्हणून मुरलेला मालक जॉबकार्डवर आधीच लिहून ठेवतो: ‘गिअरबॉक्स खोलल्यावर सील, फ्लायव्हील पाहून वाढीव खर्च फोनवर कळवू.’ ही ओळ कधी लिहायची, हे गाडीखाली झोपून कळत नाही.

पत्रातला मजकूर मग असा असू शकतो: ‘सहा महिने क्लच आणि ब्रेकच्या गाड्यांचं एस्टिमेट मी करतो, ग्राहकाला सांगण्याआधी तुम्ही तपासा. परत आलेल्या गाड्यांची वही मी ठेवतो. माझी चूक असेल ती गाडी सुट्टीच्या दिवशी करून देईन. ग्राहकांचे नंबर तुमच्याच फोनमध्ये राहतील.’ शेवटचं वाक्य गाळू नये. मालकाची निम्मी धास्ती त्यानंच उतरते. सुट्टीचं वाक्य मात्र जपून लिहावं, नाहीतर खराब निघालेल्या पार्टची भरपाईही पोराच्याच माथी येते.

उधारीची वही मालक सहसा सगळ्यात शेवटी उघडतो. स्पेअरवाल्याला पंधरा दिवसांत पैसे हवेत आणि पाच टेम्पो असलेला ट्रान्सपोर्टवाला दोन महिन्यांनी देतो, तर मधले पैसे कुठून आणायचे? ही मागणी पहिल्याच पत्रात घालू नये. एस्टिमेट जमायला लागली, की ती वेगळी करावी.