मित्राच्या घरी पहिल्यांदा जाताना

पुण्यात शिकणाऱ्या मुलांच्या आयुष्यात हा प्रसंग हटकून येतो. दिवाळीनंतरची एखादी जोडून सुट्टी असते आणि खोलीतला मित्र म्हणतो, ‘चल गावाकडं.’ समजा मुलगा नागपूरचा आहे आणि मित्राचं गाव कोल्हापूरजवळ, कागल तालुक्यात. घरी आई-वडील, आजी, दारात म्हैस आणि मागे ऊस. आत पाऊल टाकल्यावर बोलायचं काय, हा प्रश्न त्याला एसटीतच पडलेला असतो.

पहिलं वाक्य अवघड नसतं. घरात आजी असेल तर आधी तिला वाकून नमस्कार, मग आई-वडिलांना. नंतर आपलं नाव आणि गाव आपणच सांगावं: ‘काका, मी अमुक. नागपूरचा. आम्ही एकाच खोलीत राहतो.’ हाक मारायला काका-काकू कुठेही चालतं. कोल्हापूरकडे मामा आणि मावशीही चालतात. मित्र वडिलांना अण्णा किंवा आबा म्हणत असेल, तर दुसऱ्या दिवशीपर्यंत तीच हाक आपल्याही तोंडी येते आणि ती त्यांना आवडते. त्यांच्याकडून मात्र पहिल्या क्षणापासून ‘काय रं, कवा निघालासा?’ असं येईल. त्यात उद्धटपणा शोधू नये, ती आपुलकी आहे. काकू ‘मी आत्ताच रानातनं आलो’ म्हणाल्या तर चेहऱ्यावर नवल दिसू देऊ नये. तिकडे बायका असंच बोलतात.

खरी बोलणी चहाबरोबर सुरू होतात. वडील विचारतात, घरी कोण कोण, वडील काय करतात, भावंडं किती. या प्रश्नांची एका शब्दात उत्तरं दिली की संवाद तिथेच संपतो. ‘वडील रेल्वेत आहेत’ एवढं म्हणून थांबण्यापेक्षा ‘वडील रेल्वेत आहेत, आजोबांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे’ असं सांगावं. शेतकऱ्याला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

कधी चौकशी आडनावावरून पुढे सरकते आणि तिचा रोख जातीकडे वळतो. ही गोष्ट आजही घडते आणि ती पाहुण्या मुलाला बोचते. पूर्ण नाव विचारलं तर सरळ, न चाचरता सांगावं. त्यापुढे खोदून विचारलं जात असेल तर उत्तर देण्याची जबाबदारी पाहुण्याची नाही, मित्राची आहे. ‘अण्णा, तो माझा मित्र आहे’ हे त्यानं तिथल्या तिथे म्हणायला हवं. खरं तर घरचे असं विचारणारे आहेत हे ठाऊक असेल, तर त्यानं आधीच घरी बोलून ठेवायला हवं. मैत्रीण घरी येणार असेल तर ती कोण, कुठल्या वर्गातली, हेही त्यानंच अगोदर सांगून ठेवावं. दारात उभं राहून स्वतःची ओळख सिद्ध करण्याची पाळी तिच्यावर येऊ नये.

आपण काय विचारायचं? ज्या घरात ऊस आहे तिथे डिसेंबर-जानेवारीत एकच विषय असतो: तोड आली का? कारखाने चालू असतात, पण आपल्या रानात टोळी कधी येणार हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. पाळी लांबली तर उसाचं वजन घटतं आणि त्या रानातलं पुढचं पीकही लांबतं. म्हणून ‘तुमचा ऊस गेला का काका?’ हा प्रश्न त्यांच्या जिवाचा आहे. ‘लागण आहे की खोडवा?’ असं विचारलंत तर ते तुम्हाला बांधावर घेऊन जातील. लागण म्हणजे नव्यानं लावलेला ऊस आणि खोडवा म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेला. यातलं काही माहीत नसेल तर ‘मला उसातलं काही कळत नाही, दाखवाल का?’ म्हणावं. तेही तितकंच चांगलं. मात्र ‘किती एकर आहे?’ आणि ‘वर्षाला किती सुटतात?’ हे प्रश्न विचारू नयेत. पाहुण्याला पगार विचारण्यासारखंच ते आहे. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील.

वडिलांशी बोलताना आईकडे दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते पहिल्या भेटीतली सर्वांत मोठी चूक हीच. काकूंना तुमच्याबद्दल कुतूहल असतंच, पण त्यांना खरी भूक असते ती आपल्या मुलाच्या खबरबातीची. तो फोनवर ‘बरं आहे, जेवलो’ यापलीकडे काही सांगत नाही. त्याच्या पुण्यातल्या आयुष्याचे साक्षीदार तुम्ही. काकू विचारतात, ‘मेसचं जेवण बरं असतंय का?’ यावर ‘हो, चांगलं असतं’ म्हणणं म्हणजे हातची संधी घालवणं. सांगावं, की रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा हाच आम्हा चौघांना पिठलं करून घालतो. तुम्ही दिलेली कांदा-लसूण चटणी डब्यात आठवडाभरही टिकत नाही, शेजारच्या खोलीतली मुलंसुद्धा मागायला येतात. गेल्या महिन्यात मला ताप होता, तर यानं रात्री रिक्षा शोधून दवाखान्यात नेलं. असं काही खरंच घडलं असेल तर ते नक्की सांगावं. स्वतःबद्दल तो ते कधीच सांगणार नाही आणि आईच्या मनात ते वाक्य वर्षानुवर्षं राहील.

इथे एक सीमा पाळावी लागते. खबरबात द्यायची, चहाडी करायची नाही. ‘हा दहाशिवाय उठतच नाही’ हे तुम्ही गमतीनं म्हणता, पण तुम्ही गेल्यावर त्याचा घरात पंचनामा होतो. सहलीला किती पैसे लागले, कुठला विषय राहिला, हे सांगण्याचा हक्क त्याचा एकट्याचा. वडिलांनी थेटच विचारलं, ‘अभ्यास करतोय का? सगळे विषय सुटतील न्हवं?’ तर खोटंही बोलू नये. ‘ड्रॉइंग त्याचं फार चांगलं आहे, मला तोच शिकवतो. मार्कांचं मात्र त्यालाच विचारा काका.’ एवढ्यानं खरेपणाही राहतो आणि मित्राचा विश्वासही.

जेवणाची गोष्ट आधीच बोलून घ्यावी. तुम्ही मटण खात नसाल तर ते मित्राला निघण्यापूर्वीच सांगा. ताट वाढल्यावर सांगितलं, तर सकाळपासून वाटणघाटण करणाऱ्या माउलीचा जीव कानकोंडा होतो. भाकरी कमी खात असाल तर ‘काकू, अर्धीच द्या, लागली तर मागतो’ असं आधी म्हणा आणि नंतर खरंच थोडी मागून घ्या. ताटात टाकण्यापेक्षा ते कितीतरी बरं. दाद देताना ‘मस्त झालंय’ म्हणून सोडू नका, नेमकं काय आवडलं ते बोला: रस्सा, खर्डा, घरच्या म्हशीचं दही. कोल्हापुरातल्या कुठल्याशा हॉटेलशी तुलना मात्र नको, ती कौतुक म्हणूनही नको.

मित्रानंही पाहुण्याला चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. घरात अलीकडे कुणी गेलं आहे का, बहिणीच्या लग्नाचा विषय नाजूक आहे का, आजीला ऐकू कमी येतं का. हे ठाऊक नसलं की चांगला मुलगाही नको तिथे बोट ठेवतो.

निघताना ‘येतो काकू’ म्हणावं आणि पुन्हा आजीला वाकावं. काकू पिशवीत काहीतरी घालतीलच. ती घ्यावी, नाही म्हणू नये. आणि पुण्यात पोचल्यावर मित्राकरवी निरोप धाडू नका. काकूंचा नंबर आधीच घेऊन ठेवा आणि स्वतः फोन करून ‘पोचलो आम्ही’ एवढं सांगा.