वायदा भावात दडलेले व्याज आणि गोदामभाडे

हळदीचा हजर भाव क्विंटलला १४,००० रुपये आणि तीन महिन्यांनंतरच्या सुपुर्दीचा भाव १४,५१० रुपये आहे, असे समजा. हा फरक पाहून हळद महागणार, असा निष्कर्ष अनेक जण काढतात आणि त्या भरवशावर माल अडवून ठेवतात. वास्तविक या ५१० रुपयांत तेजीचे भाकीत असतेच असे नाही. तो माल बाळगण्याचा खर्च असू शकतो.

व्यापाऱ्याने १२ टक्के वार्षिक दराने कर्ज काढून आज हळद घेतली, तर तीन महिन्यांचे व्याज ४२० रुपये होते. गोदामभाडे व विमा मिळून दरमहा ३० रुपये धरल्यास त्यात ९० रुपयांची भर पडते. म्हणजे तीन महिन्यांनी ती हळद त्याला १४,५१० रुपयांना पडते. या काळात वायदा भाव १४,९०० रुपयांवर गेला, तर व्यापारी आज माल घेऊन गोदामात ठेवतील आणि त्याच वेळी वायद्याने विकून ३९० रुपये पदरात पाडतील. या खरेदीने हजर भाव चढतो, विक्रीने वायदा भाव उतरतो आणि फरक पुन्हा खर्चाच्या पातळीवर येतो. मात्र घट आणि प्रतवारी यांचा हिशेब चुकला, तर हा नफा हातचा जातो.

उलट बाजूची मर्यादा तेवढी पक्की नसते. वायदा भाव १४,२०० रुपये असल्यास साठा असलेल्याने आज विकून वायद्याने परत घेणे फायद्याचे ठरते. परंतु हंगामाच्या अखेरीस ज्या कारखान्याला रोज हळद दळायची आहे, तो हातचा माल सोडत नाही. म्हणून टंचाईत वायदा भाव हजर भावाच्याही खाली राहू शकतो.

समभागाला गोदाम लागत नाही. त्यावर लाभांश मिळतो. समभागाचा भाव १,००० रुपये, महिन्याचे व्याज ५ रुपये आणि महिनाअखेर १५ रुपये लाभांश असेल, तर वायद्याचा रास्त भाव ९९० रुपये होतो. वायद्याने घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, म्हणून तेवढी रक्कम वजा होते. या दहा रुपयांच्या फरकाला मंदीची चाहूल समजणे चूक आहे.

हा सारा हिशेब साठवणुकीला जागा मिळते, या गृहीतावर उभा आहे. अमेरिकेत २० एप्रिल २०२० रोजी ते गृहीत कोसळले. टाळेबंदीमुळे तेलाची मागणी घटली आणि ओक्लाहोमातील कुशिंग येथे टाक्यांत जागा मिळणे दुरापास्त झाले. ज्यांना सुपुर्दी घेणे शक्य नव्हते, त्यांनी मिळेल त्या भावाने करार विकले आणि मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला.

म्हणूनच माल रोखून धरण्यापूर्वी दोन भावांतील फरकातून व्याज, भाडे व विमा वजा करून पाहावा. उरते ते शून्याच्या आसपास असेल, तर वायदा भाव थांबण्याचा मोबदला देत नाही; तो फक्त खर्च भरून देतो.