चहाच्या सुट्टीतलं पहिलं वाक्य

परिषदेतलं पहिलं सत्र संपतं, निवेदक पंधरा मिनिटांची चहाची सुट्टी जाहीर करतो आणि दोन-अडीचशे माणसं एकदम उठतात. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांचे घोळके लगेच जमतात. ज्याला कुणीच ओळखत नाही तो कागदी कप हातात धरून भिंतीवरचं पोस्टर दुसऱ्यांदा वाचतो आणि मग मोबाइल काढतो. शेतमाल प्रक्रियेवर लिहीत असल्यामुळे मी वर्षाला पाच-सहा परिषदांना जाते. हे दृश्य दर वेळी दिसतं, आणि त्या माणसाबद्दल मला दर वेळी वाईट वाटतं. गाडीभाडं खर्चून, दिवसाचं काम बुडवून तो आलेला असतो, ते या पंधरा मिनिटांसाठीच.

त्याला वाटतं, बाकीचे सगळे मोकळेपणानं मिसळताहेत. तसं नसतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या पॉल इंग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यावसायिकांच्या एका स्नेहमेळाव्यात प्रत्येकाच्या अंगावर एक छोटं उपकरण होतं, त्यावरून कोण कुणाशी बोललं हे कळत होतं. नव्या लोकांना भेटायला आलोय, असं बहुतेकांनी आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते जास्त करून आधीच्या ओळखीच्यांशीच बोलले. म्हणजे घोळक्यातल्या माणसालाही नवी ओळख हवी असते, फक्त त्याच्याकडून सुरुवात होत नाही.

शब्दांच्या आधी जागा ठरते. ॲडम केंडन या संशोधकानं बोलत उभ्या असलेल्या माणसांची रचना बारकाईनं अभ्यासली होती. बोलणाऱ्यांच्या मधोमध त्यांची अशी एक मोकळी जागा तयार होते. दोघं अगदी समोरासमोर, छातीला छाती अशी उभी असतील तर ती जागा बंद असते. तिथे जाऊ नये. दोघं काटकोनात, एखाद्या कोपऱ्याच्या दोन भिंतींसारखी उभी असतील, तर तिसऱ्यासाठी फट असते. त्या फटीपाशी जाऊन उभं राहावं, बोलणाऱ्याकडे बघत ऐकावं. कुणी पाऊलभर सरकलं किंवा आपल्याकडे बघून मान हलवली, की जागा मिळाली असं समजावं. पाच-सात सेकंदांत कुणाचंच पाऊल हललं नाही, तर पुढे चालू लागावं. त्यात अपमान नाही, त्यांचं बोलणं खासगी असेल एवढंच. एकटा उभा असलेला माणूस त्याहून सोपा. सगळ्यात सोपी जागा मात्र सत्र सुरू होण्याआधीची शेजारची खुर्ची, कारण तिथे दोघांचं तोंड एकाच दिशेला असतं आणि नजर चुकवण्याचा संकोच राहत नाही.

आता वाक्य. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका परिषदेत तासगावकडचा एक तरुण भेटला. बेदाण्याच्या धंद्यात नवा, इथे कुणीच ओळखीचं नाही. सकाळी नोंदणीच्या रांगेत त्यानं पुढच्या माणसाला नमस्कार केला, नाव सांगितलं, आपल्या फर्मचं नाव सांगितलं आणि कार्ड दिलं. त्या माणसानं कार्ड खिशात घातलं, "बरं, बरं" म्हणाला आणि वळला. तरुणाला वाटलं, आपल्यात काहीतरी कमी आहे. मला तसं वाटत नाही. त्याच्या वाक्यात समोरच्यानं धरावं असं काहीच नव्हतं. "बरं" शिवाय दुसरं उत्तरच शक्य नव्हतं.

पहिल्या सत्रात एका तज्ज्ञ बाईंनी बेदाण्याला दिल्या जाणाऱ्या गंधकाच्या धुरीवर भाषण केलं होतं. चहाच्या वेळी मी त्याला म्हटलं, "आता नाव नंतर सांगा. आत्ता दोघांनी जे ऐकलं, तिथून सुरू करा." कोपऱ्यात काटकोनात उभ्या असलेल्या दोन वयस्क बागायतदारांपाशी तो गेला, थांबला, एकानं पाहिल्यावर म्हणाला, "काका, मघाशी मॅडम धुरीचं बोलल्या. माझा बेदाणा मे महिन्यात शेडमध्येच काळपट पडायला लागतो. तुमच्याकडं होतं का असं?"

"होतं की. ठेवतोस कुठं?"

"शेडमध्येच, बॉक्स भरून."

"मग पडणारच. पत्र्याखाली उन्हाळा काढतोय व्हय तो?"

या वाक्याची बांधणी बघण्यासारखी आहे. सुरुवातीला दोघांनी मिळून अनुभवलेली गोष्ट. मग स्वतःचा एक नेमका तपशील, ज्यामुळे विचारणारा कोण हे न सांगताच कळलं. शेवटी असा प्रश्न, ज्याचं उत्तर समोरच्याला विचार न करता देता येतं आणि द्यायला आवडतं. "तुम्ही काय करता?" या प्रश्नाला लोक हुद्दा सांगतात आणि थांबतात. "तुमच्याकडं होतं का असं?" याला अनुभव सांगतात.

आपल्याकडे आणखी एक जपावं लागतं. अनोळखी मराठी माणसाला आपण सहज विचारतो, "मूळ गाव कोणतं? आडनाव काय?" परगावी दोन मराठी माणसं भेटली तर गावाच्या प्रश्नात माया असते, हे खरं. पण गाव आणि आडनाव पाठोपाठ विचारलं की समोरच्याला जातीची चौकशी ऐकू येते, आणि अनेकांनी ती आयुष्यभर सोसलेली असते. त्याऐवजी "कुठून आलात आज?" असं विचारावं. उत्तर प्रवासाचं येतं: पहाटे चारला निघालो, घाटात गाडी अडकली. त्यातूनच गावही कळतं, ज्याला सांगायचं असेल त्याचं.

पहिलं वाक्य दार उघडतं, पण बोलणं टिकतं ते दुसऱ्या प्रश्नावर. हार्वर्डमधल्या कॅरन हुआंग, ॲलिसन वुड ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की जास्त प्रश्न विचारणारी माणसं, त्यातही मिळालेल्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न विचारणारी, समोरच्याला अधिक आवडतात. इथेच बहुतेक जण घसरतात. उत्तर मिळतं, आणि ते लगेच स्वतःची जाहिरात सुरू करतात. त्या तरुणानं तसं केलं नाही. काका म्हणाले, "कोल्ड स्टोरेजला टाक." त्यावर त्यानं विचारलं, "काढल्या काढल्या टाकायचं, की आधी बघायचं काही?" काकांनी कप खाली ठेवला आणि ओलावा नीट उतरला आहे की नाही हे मुठीत दाबून कसं बघायचं, ते हातानं करून दाखवलं.

बोलणं लागत नसेल तर तेही लवकर कळतं. सलग दोन उत्तरं एका शब्दाची आली, उलट प्रश्न आला नाही आणि समोरच्याच्या पायांचे चवडे आपल्यापासून वळले, तर "बरं वाटलं भेटून, मी जरा पाणी घेतो" म्हणून निघावं. मात्र बोलणं झाल्यावर "आपण फार बोललो, त्यांना कंटाळा आला असणार" असं जे वाटतं, त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांना २०१८ च्या अभ्यासात असं आढळलं, की अनोळखी माणसं बोलून झाल्यावर, समोरच्याला आपण जितके आवडलो त्यापेक्षा कमीच आवडलो असं समजतात.

निवेदकानं पुन्हा आत बोलावलं तेव्हा काका त्या तरुणाला म्हणाले, "अरे, नाव काय तुझं? नंबर दे. आमच्या स्टोरेजवाल्याला सांगून ठेवतो." तेव्हा त्यानं कार्ड काढलं.