श्वास मोजा, मग बोला!

'अरे, प्राणायाम सुरू कर, फुफ्फुसं डबल होतात!' रत्नागिरीत सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात, की हा फुकट सल्ला हमखास मिळतो. आमच्या ऑफिसातही एकीचा तोच फंडा. म्हटलं, चला, मोजूनच बघू.

आधी फुफ्फुसांचं बघू. पंचविशीच्या आसपास ती पूर्ण वाढलेली असतात, त्यानंतर कुठल्याही व्यायामाने त्यांचा आकार दुप्पट होत नाही. मग प्राणायामाने बदलतं काय? तर आपण ती वापरतो कशी, ते. शांत बसलेलो असताना आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो आणि मिनिटाला पंधराएक श्वास घेतो. म्हणजे साडेसात लिटर. पण प्रत्येक श्वासातली सुमारे 150 मिली हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, कामाला येतच नाही. पंधरा श्वासांत सव्वादोन लिटर हवा अशी वाया गेली. उरली सव्वापाच.

आता मिनिटाला सहाच श्वास घ्या, पण प्रत्येक श्वास एक लिटरपेक्षा किंचित मोठा. एकूण हवा सव्वासहा लिटरसुद्धा भरत नाही, आणि तरी फुफ्फुसांच्या आत पोचते तेवढीच, सव्वापाच लिटर! तेच काम, कमी मेहनत. प्राणायामाचा खरा हिशोब हा आहे.

'पण ऑक्सिजन जास्त मिळतो ना?' नाही हो. निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासातही ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलंच असतं. ही गोष्ट काही आजची नाही. घाट चढून लोणावळ्याला गेलात तर तिथे कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली ते सुरू केलं आणि योगाची तपासणी प्रयोगशाळेत करायला घेतली. 'योगमीमांसा' हे त्यांचं नियतकालिकही त्याच वर्षीचं. प्राणायाम म्हणजे जादा प्राणवायू, ही समजूत त्यांनी स्वतःच खोडून काढली होती.

मग नाडीचं काय? मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या. आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना संथ होतात. श्वास सोडताना व्हेगस नावाची नर्व्ह हृदयाला ब्रेक लावते, म्हणून. मिनिटाला साधारण सहा श्वास असले, की हा चढउतार सगळ्यात मोठा होतो. इटलीतल्या पाविया विद्यापीठाच्या लुचियानो बर्नार्डी यांनी 2001 मध्ये दाखवलं, की लॅटिन जपमाळ असो की योगमंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप याच लयीत येतो. म्हणजे रहस्य शब्दांत कमी, लयीत जास्त.

मी काय केलं? रोज दहा मिनिटं अनुलोम-विलोम. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मोजणी सेकंदाच्या काट्याने, म्हणजे दहा सेकंदांचा एक श्वास. नाडी मात्र रोज जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, पूर्ण एक मिनिट मोजायची. पहिल्या आठवड्याची सरासरी 76 आली, सहाव्याची 73. खूश? थांबा! एकाच आठवड्यात माझे आकडे 71 ते 80 असे नाचत होते. आदल्या रात्रीचं जागरण, उशिरा प्यालेली कॉफी, सगळं त्यात उतरतं. त्यामुळे तीनचा फरक म्हणजे सिद्धता नव्हे. रोज धावणाऱ्यांची नाडी बरीच खाली येते, कारण त्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. प्राणायामाने हृदयाला तशी मेहनत पडत नाही.

स्पायरोमीटरमध्ये फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजतानाही अशीच गंमत होते. दुसऱ्या वेळी आकडा वाढला, तर आधी शंका घ्या: आपल्याला फुंकायचं तंत्र जमलं, की बरगड्यांचे स्नायू खरंच सुधारले? म्हणून पहिल्याच दिवशी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवायचा. नंतरची तुलना त्याच्याशी.

जोर करण्यात मात्र धोका आहे. डोकं हलकं झालं, बोटांना, ओठांना मुंग्या आल्या, तर समजा की तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा घेताय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटलाय. लगेच थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभक, नवशिक्यांनी करूच नये. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

तेव्हा उद्यापासून उशाशी एक वही ठेवा. आठवडाभर नुसती नाडी लिहा, प्राणायाम आठव्या दिवशी. आधीचा आकडाच नसेल, तर 'फरक पडला' म्हणणार कशावरून?